प्रजननकाळातली मासेमारी बंदी आणि त्या दिवसांतला घरखर्च : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मासा अंडी घालतो तेव्हा जाळी बंद ठेवायची, हा नियम जगात अनेक ठिकाणी आहे. तो का आहे हे समजायला सोपं आहे. अवघड प्रश्न असतो तो त्या दिवसांत घर कसं चालतं याचा. इथली बहुतेक उत्तरं बांगलादेशातल्या हिल्साच्या (तिथे इलिश म्हणतात) बंदीवर बेतली आहेत, कारण त्या एका बंदीत चंद्रापासून सावकारापर्यंत सगळं सापडतं. जिथे दुसऱ्या देशाने काही वेगळं केलं आहे, तिथे तेही सांगितलं आहे.

मासे तर समुद्रभर पसरलेले असतात. नेमके अंडी घालायच्या वेळीच पकडले तर काय मोठं बिघडतं?

पसरलेले असतात तोवर फारसं बिघडत नाही. पण अंडी घालायला ते एका जागी गोळा होतात. हिल्सा समुद्रातून उलट्या दिशेने मेघनेच्या मुखात आणि वर नदीत चढतो. लाखो मासे ठराविक वाटेने, ठराविक दिवसांत येतात आणि ती वाट कोळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या पाठ असते. पुऱ्या वाढलेल्या मादीच्या पोटात दहा लाखांहून जास्त अंडी असू शकतात. म्हणजे तेव्हा जाळ्यात आलेली एक मादी हा एकाच माशाचा हिशेब नसतो.

दुसरी गोष्ट फसवी आहे. मासे एकवटलेले असले की साठा निम्म्यावर आला तरी जाळं भरूनच येतं. कोळ्याला वाटतं, मासा भरपूर आहे. कॅरिबियनमधल्या नासाउ ग्रूपर या माशाचं असंच झालं. तो हिवाळ्यात पौर्णिमेच्या आसपास ठरलेल्या जागी जमतो. तिथे वर्षानुवर्षं भरघोस मासा मिळत राहिला आणि मग एकेका जागी तो जमायचाच थांबला. शेवटी बेलीझने २००३ मध्ये अशा ११ जागा बंद केल्या आणि १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात तो मासा पकडायलाच मनाई केली.

बंदीच्या तारखा दरवर्षी बदलतात. एकदाच का ठरवून टाकत नाहीत?

मासा कॅलेंडर पाहत नाही, भरती-ओहोटी पाहतो. हिल्साची अंडी घालण्याची लगबग आश्विनातल्या पौर्णिमेच्या आणि अमावास्येच्या सुमाराला सर्वांत जास्त असते. त्या दिवसांत उधाणाचं पाणी जोरात असतं, मासा वर चढतो आणि अंडी पाण्याबरोबर पसरतात. पौर्णिमा इंग्रजी तारखेने दरवर्षी सरकते, म्हणून बंदीही सरकते. २०२४ मध्ये ती १३ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर होती आणि २०२५ मध्ये ४ ते २५ ऑक्टोबर. दोन्ही वर्षी पौर्णिमा आणि अमावास्या या दोन्ही तिथी त्या मुदतीत बसतात.

मुदतही एकदम २२ दिवसांची नव्हती. आधी ती ११ दिवसांची होती, २०१५ मध्ये १५ दिवसांची झाली आणि २०१६ पासून २२ दिवसांची. ११ दिवसांत एकच तिथी सांभाळली जात होती. दुसऱ्या तिथीला चढणारा मासा सरळ उघड्या जाळ्यांत जात होता. हा बदल मला नुसत्या कडकपणापेक्षा शहाणपणाचा वाटतो, कारण दिवस वाढले ते मासा कधी येतो हे बघून.

बंदी करण्यापेक्षा जाळ्याचे आस, म्हणजे भोकं, मोठे ठेवायला लावले तर?

ते पिल्लांसाठी उपयोगी आहे, आईसाठी नाही. मोठ्या आसातून लहान मासा निसटतो, पण अंड्यांवर आलेली मादी आकाराने मोठीच असते आणि ती अडकतेच. म्हणून दोन्ही नियम लागतात. बांगलादेशात २५ सेंटीमीटरपेक्षा लहान हिल्साला ‘जाटका’ म्हणतात आणि १ नोव्हेंबर ते ३० जून या काळात तो पकडायला बंदी आहे. ऑक्टोबरमध्ये आईला सोडायचं आणि नोव्हेंबरपासून तिच्या पिल्लांना. यातला एकच नियम पाळला तर दुसऱ्यावर पाणी पडतं.

बंदीचा उपयोग झाला हे कशावरून कळतं?

पहिली खूण मासळीच्या पोटात असते. बंदी उठल्यावर आलेल्या माद्या उघडून बघतात. गाबोळी टच्च भरलेली असेल तर मादीने अजून अंडी घातलेली नाहीत. पोट लिबलिबीत, गाबोळीची पिशवी रिकामी आणि सुरकुतलेली असेल, तर तिचं काम आटोपलं आहे. रिकाम्या माद्यांचं प्रमाण जास्त निघालं तर तारखा बरोबर पडल्या. गाबोळीवाल्याच जास्त निघाल्या तर बंदी लवकर संपली. अनुभवी कोळीण हे पोटावर अंगठा दाबूनही सांगते.

एकूण उत्पादन ही दुसरी खूण, पण ती जपून वापरावी. बांगलादेशात २००२-०३ मध्ये हिल्सा साधारण २ लाख टन मिळाला होता, २०२०-२१ मध्ये साडेपाच लाख टनांच्या वर गेला. श्रेय एकट्या २२ दिवसांना देता येत नाही. पिल्लांवरची बंदी, नदीतली राखीव क्षेत्रं, वाढलेल्या नौका आणि खोल समुद्रातली मासेमारी यांचाही त्यात वाटा आहे. शिवाय २०२३-२४ मध्ये आकडा पुन्हा ५.३ लाख टनांच्या आसपास उतरला. नदीच्या मुखाशी गाळाने उथळ झालेल्या वाटा आणि पाण्याचं प्रदूषण बंदीने सुटत नाही.

२२ दिवस म्हणजे तीन आठवडे. एवढ्याने कुटुंब का अडचणीत येतं?

कारण ते २२ दिवस एकटे येत नाहीत. मेघनेच्या काठी बहुतेक राखीव क्षेत्रांत मार्च आणि एप्रिल असे दोन महिनेही मासेमारी पूर्ण बंद असते. ते ६१ दिवस आणि ऑक्टोबरचे २२ मिळून ८३ दिवस होतात. त्यात वादळी हवेचे दिवस धरा. नोव्हेंबर ते जून जाटका धरायचा नाही, म्हणजे जाळं टाकता येतं पण त्यात जे सर्वांत सहज येतं ते ठेवता येत नाही.

आणि ऑक्टोबर हा नेमका हंगामाचा काळ. ज्या दिवसांत वर्षाची बेगमी व्हायची, त्याच दिवसांत नाव काठाला. पकडणंच नव्हे, तर हिल्साची वाहतूक, साठवण आणि विक्रीही त्या दिवसांत गुन्हा आहे. म्हणून नुकसान नावेपुरतं राहत नाही. बर्फवाला, हमाल, टोपली घेऊन दारोदार फिरणारी बाई, सगळ्यांचाच हात रिकामा होतो.

सरकार तांदूळ देतं ना? मग जेवणाचा प्रश्न उरतोच कुठे?

हिशेब मांडून बघू. २२ दिवसांसाठी नोंदणीकृत कोळी कुटुंबाला २५ किलो तांदूळ मिळतो. पाच माणसांचं घर धरा, भात हेच मुख्य अन्न. दिवसाला दोन किलो तांदूळ लागला तर २२ दिवसांना ४४ किलो हवा. २५ किलो तेराव्या दिवशी संपतो. तोही पहिल्या दिवशी हातात आला तर. वाटप आठवडाभर लांबलं की पहिला आठवडा उसनवारीवर जातो आणि मिळालेल्या पोत्यातला काही भाग ती फेडण्यात.

तांदळाबरोबर तेल, मीठ, डाळ, भाजी लागते. शाळेची फी, औषधं आहेतच. आणि बांगलादेशातल्या गावांत छोट्या कर्जाचे हप्ते बहुधा आठवड्याचे असतात. बावीस दिवसांत तीन हप्ते येतात. वसुलीला येणाऱ्या माणसाला तांदळाचं पोतं देता येत नाही. म्हणून पुष्कळ घरांत मदतीच्या तांदळातला काही भाग विकला जातो. बाहेरून बघणाऱ्याला तो गैरवापर वाटतो. घरातल्या बाईला तो हप्ता असतो.

जाटकाच्या बंदीत मदत बरी आहे. फेब्रुवारी ते मे असे चार महिने, महिन्याला ४० किलो. वरच्याच हिशेबाने वीस दिवसांचा भात. पण ती बंदी आठ महिन्यांची आहे आणि मदत चार महिन्यांची.

बाकीचे पैसे मग येतात कुठून?

खरं उत्तर एकच : उचल. तिथे त्याला ‘दादन’ म्हणतात. मासळी बाजारातला आडतदार नावेच्या मालकाला पैसे देतो आणि मालक त्यातून खलाशांना उचल देतो. कागद नाही, तारण नाही, बहुतेक वेळा व्याजही नाही. रात्री मुलगा आजारी पडला तरी पैसे मिळतात. बँकेकडे हे नाही, सरकारी योजनेकडेही नाही. म्हणून दादन देणाऱ्याला नुसता लुटारू म्हणून चालत नाही. अडीअडचणीला तोच उभा राहतो.

पण अट असते : मासळी त्याच्याच आडतीवर घालायची, तो सांगेल त्या भावाने, त्याचं कमिशन कापून. याची किंमत एका मानलेल्या उदाहरणाने बघू.

समजा, बंदीसाठी १०,००० टाका उचलले; टाका हे बांगलादेशाचं चलन. व्याज शून्य. बंदी उठल्यावर पुढच्या दोन महिन्यांत नावेला जी मासळी मिळाली, तिची खुल्या बाजारात किंमत १ लाख टाका झाली असती. आडतदाराने भाव आणि कमिशन मिळून शेकडा दहा कमी दिले, म्हणजे हातात आले ९०,०००. दहा हजार गेले आणि मुद्दल तसंच शिल्लक. बिनव्याजी कर्जावर दोन महिन्यांत मुद्दलाएवढंच व्याज भरलं गेलं, फक्त ते व्याज म्हणून कुठे लिहिलेलं नाही. मुद्दल फिटत नाही तोवर आडत बदलता येत नाही, आणि फिटायच्या आत पुढची बंदी येते.

एवढं लक्षात घेतलं तर एक गोष्ट दिसते. मदतीची रक्कम किती, याइतकंच ती कधी मिळते हे महत्त्वाचं आहे. बंदीच्या आदल्या आठवड्यात आलेली छोटी रक्कम एक उचल टाळते. बंदी संपल्यावर आलेली मोठी रक्कम आधीच अडकलेल्याला मिळते, आणि ती थेट आडतदाराकडे जाते.

धान्याऐवजी रोख पैसे दिले तर बरं नाही का?

ब्राझीलने तेच केलं आहे. तिथे ‘सेगुरो-देफेसो’ नावाची योजना आहे. अंडी घालण्याच्या काळात मासेमारी बंद असली की लहान प्रमाणावर मासेमारी करणाऱ्याला दर महिन्याला एका किमान वेतनाइतकी रोख रक्कम मिळते. ती बेरोजगारी विम्याचाच भाग आहे. पहिला कायदा १९९१ चा, सध्याचा २००३ चा. नद्यांमध्ये बंदी बऱ्याच ठिकाणी नोव्हेंबर ते फेब्रुवारी असते, म्हणजे चार महिने चार पगार. घर खरोखर चालतं.

त्याची दुखरी बाजू नोंदणीत आहे. रक्कम घर चालण्याइतकी असली की कोळी म्हणून नाव लावायला गर्दी होते. पुढच्या काळात लाभार्थी अनेक पटींनी वाढले आणि बोगस नावं शोधायच्या मोहिमा पुनःपुन्हा काढाव्या लागल्या. त्या चाळणीत खरा कोळीही अडकतो. कारण त्याच्याकडे होडी असते, कागद नसतो. धान्यात ही ओढ कमी असते, कारण २५ किलो तांदळासाठी खोटं नाव लावायला फार लोक धडपडत नाहीत. माझं मत विचाराल तर रोख चांगली, पण बंदरावरच्या लोकांसमोर यादी वाचून दाखवण्याची सोय असेल तरच. कोण पाण्यात जातो हे गावाला माहीत असतं, कार्यालयाला नसतं.

चांगल्या दिवसांत बचत करायची आणि बंदीत काढायची, असं जमतं का?

भारतात या कल्पनेवर योजना आहे. पारंपरिक आणि आर्थिकदृष्ट्या मागास मच्छीमाराने हंगामात मिळून १,५०० रुपये भरायचे, सरकारने त्यात ३,००० घालायचे आणि हे ४,५०० रुपये बंदीच्या किंवा मंदीच्या तीन महिन्यांत महिना १,५०० प्रमाणे परत द्यायचे. कल्पना सरळ आहे आणि त्यात मच्छीमाराचा स्वतःचा पैसा असल्यामुळे हक्काने मागता येतो.

रक्कम मात्र आधाराची आहे, घर चालवण्याची नाही. महिना १,५०० म्हणजे दिवसाला ५० रुपये. आणि मासेमारीचं उत्पन्न पगारासारखं येत नाही. एका फेरीत दोन महिन्यांचे पैसे, मग तीन फेऱ्या डिझेलचेही निघत नाहीत. अशा माणसाला ठरलेल्या तारखेला ठरलेला हप्ता भरणं जड जातं. आडतीवर मासळी विकतानाच शेकडा दोन-तीन कापून खात्यात टाकायचे, हा मार्ग जास्त चालण्यासारखा आहे. मिळेल तेव्हा कापलं जातं, नाही मिळालं तर हप्ता चुकत नाही. पण खातं आडतदाराच्या वहीत असता कामा नये, नाहीतर ती पुन्हा उचलच होते.

बंदीच्या दिवसांत दुसरा धंदा का करत नाहीत?

करतात. रिक्षा ओढतात, शेतावर जातात, वीटभट्टीवर, बांधकामावर जातात. पण २२ दिवसांसाठी माणसाला कोण कामावर ठेवणार? आणि काठावरची सगळीच माणसं एका दिवशी काम मागायला निघाली की मजुरीचा दर पडतो.

शिवाय ते दिवस मोकळे नसतातच. नाव वर ओढायची, तळ खरवडायचा, फटी बुजवायच्या, इंजिन खोलायचं. जाळं पसरून फाटका भाग कापायचा, नव्या दोऱ्याने एकेक आस बांधत सांधायचा. मोठं जाळं असलं तर चार माणसांचे कैक दिवस यात जातात. खलाशाला त्याबद्दल बहुधा जेवण मिळतं, मजुरी नाही, कारण त्याची कमाई मासळीतल्या वाट्याची. आणि नाही म्हणावं तर पुढच्या हंगामात नावेवर जागा मिळेल की नाही ही धास्ती.

बांगलादेशात सरकारने रिक्षा, शिवणयंत्रं, शेळ्या वाटल्या. यातलं काय टिकतं? सर्वसाधारणपणे जे बंदी नसतानाही घरातलं कुणीतरी चालवत राहतं ते. शेळी बाराही महिने बाईच्या हाताखाली असते आणि अडल्या वेळी विकता येते. म्हणून ती कामी येते, बँकेसारखी. शिवणयंत्र एका गावात दहा घरांत गेलं तर शिवायला कपडे कुणाचे आणायचे, हा प्रश्न राहतो.

बायकांना मदत मिळते का?

बहुतेक ठिकाणी स्वतःच्या नावाने नाही. मच्छीमार म्हणजे पाण्यात जाणारा, अशी नोंद असते. मासळी निवडणारी, सुकवणारी, विकणारी बाई त्या यादीत बसत नाही. नवरा नोंदणीत असेल तर घराला पोतं येतं. विधवा असेल, किंवा नवरा दुसऱ्याच्या नावेवर खलाशी असून त्याचं कार्डच नसेल, तर काहीच येत नाही. विक्री बंद असल्यामुळे नुकसान मात्र तिचं पहिल्या दिवसापासून सुरू होतं.

शिक्षा असूनही लोक चोरून जातात, ते का?

बांगलादेशात पकडलं गेलं तर एक ते दोन वर्षं कैद किंवा ५,००० टाका दंड, किंवा दोन्ही. जाळं जप्त होऊन काठावर जाळलं जातं ते वेगळंच, आणि ते दंडापेक्षा महाग पडतं. तरीही जातात. वरचा हिशेब बघा : तेराव्या दिवशी तांदूळ संपतो, तिसरा हप्ता दारात असतो आणि नदीत मासा भरलेला असतो. रात्रीची एक फेरी दोन्ही प्रश्न सोडवते. त्यात शेजारची नाव गेलेली दिसली की पाळणाऱ्याला आपणच वेडे वाटतो. आणि पुष्कळदा पकडला जातो तो उचलीत अडकलेला खलाशी. नाव दुसऱ्याची असते, मासळी तिसऱ्याची.

आपण बंदी पाळायची आणि शेजारच्या देशाच्या नौकांनी मासा न्यायचा, ही तक्रार खरी आहे का?

खरी होती. बंगालच्या उपसागरात बांगलादेशाची समुद्रातली बंदी २० मे ते २३ जुलै अशी ६५ दिवसांची होती आणि भारताच्या पूर्व किनाऱ्याची १५ एप्रिल ते १४ जून. पाणी एकच, मासा एकच, पण जूनच्या मध्यापासून एका बाजूची जाळी उघडी आणि दुसऱ्या बाजूची बंद. २०२५ मध्ये बांगलादेशाने आपली बंदी १५ एप्रिल ते ११ जून अशी ५८ दिवसांची केली. आठवडा कमी झाला, पण दोन्ही किनारे जवळपास एकत्र बंद राहू लागले.

बंदी उठल्याच्या दिवशी तरी चांगली कमाई होते का?

मासळी खूप मिळते, कमाई तेवढी होत नाही. सगळ्या नावा एकाच मध्यरात्री सुटतात आणि एकाच सकाळी धक्क्यावर येतात. बर्फ अपुरा पडतो, भाव कोसळतो. ज्याच्याकडे स्वतःची बर्फपेटी आहे किंवा ज्याच्यावर उचल नाही, तो दोन दिवस थांबून विकतो. ज्याच्यावर उचल आहे, त्याची मासळी धक्क्याला लागायच्या आधीच वजनकाट्यावर बोलावलेली असते. त्या सकाळी आडतदाराची वही उघडी असते. मासळी तोलली जाते, भाव लिहिला जातो, खाली बंदीतली उचल वजा होते आणि उरलेला आकडा खलाशी दोनदा विचारून घेतो.